जुलै २०१६ ते जून २०२३

‘मॅडम, तुमचं ग्रॅज्युएशन २०१६ चं दिसतंय. आता २०२३ चालू आहे. मधे काय केलंत?’

फोनवरच्या मुलीचा आवाज साधा होता. विचारण्यात टोमणा नव्हता, घाई मात्र होती. मी नवी पेठेतल्या अभ्यासिकेच्या जिन्यात उभी होते, कारण आत बोललेलं चालत नाही. पायरीवर बसले आणि तिला सगळं सांगितलं. सगळं म्हणजे अगदी सगळं. ५ एप्रिल २०२० ला ठरलेली राज्यसेवेची पूर्व परीक्षा कोरोनामुळे पुढे गेली, मग पुन्हा गेली, मग पुन्हा. मार्च २०२१ मध्ये अगदी तीन दिवसांवर आलेली परीक्षा परत लांबली तेव्हा आम्ही रस्त्यावर उतरलो, आणि ती शेवटी २१ मार्चला झाली. मराठा आरक्षणाला सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती आली तेव्हा निवड झालेल्यांच्याही नेमणुका अडकल्या. फेब्रुवारी २०१९ ते मार्च २०२१ या दोन वर्षांत राज्यसेवेची एकही पूर्व परीक्षा झाली नाही, मग ती दोन वर्षं माझ्या नावावर कशी लावता? बोलता बोलता माझा आवाज चढला होता. फोन ठेवल्यावर पाहिलं, अकरा मिनिटं झाली होती. ‘ओके मॅडम, कळवतो आम्ही,’ एवढंच ती शेवटी म्हणाली. कुणी कळवलं नाही.

त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. पण तिला ते नको होतं.

आज मी ज्या ऑफिसात काम करते तिथे एचआरची मुलगी माझ्या शेजारच्याच टेबलावर बसते. दिवसाला तीस-चाळीस फोन करते. समोर एक्सेलची शीट उघडी असते. नाव, बॅच, सध्याचा पगार, अपेक्षित पगार, कधी जॉइन होणार, आणि एक रकाना गॅपच्या कारणाचा. त्या रकान्यात चार-पाच शब्द मावतात. संध्याकाळी ती शीट मॅनेजरकडे जाते, आणि त्या चार-पाच शब्दांवर तो ठरवतो की या माणसाला बोलवायचं की पुढच्या ओळीवर जायचं. माझी अकरा मिनिटं त्या फोनवरच्या मुलीनं चार शब्दांत कशी बसवली असतील, हे मी तिच्या जागी बसून कितीतरी वेळा करून पाहिलं आहे. बहुतेक तिनं ‘एमपीएससी, अजून नाराज’ असं काहीतरी लिहिलं असेल. मी तिच्या जागी असते तर मीही तेच लिहिलं असतं.

मी बार्शी तालुक्यातली. राहुरीच्या कृषी विद्यापीठातून बीएस्सी ॲग्री केलं आणि जुलै २०१६ मध्ये पुण्याला आले. आमच्या बॅचमधले निम्मेअधिक जण याच वाटेनं आले होते, त्यामुळे आपण काही वेगळं करतोय असं तेव्हा वाटलंच नाही. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर जागा, नवी पेठेत अभ्यासिका, दोन वेळची मेस. पहिल्या दोन पूर्व परीक्षा गेल्या. २०१९ ची मुख्य दिली, मुलाखतीपर्यंत पोचले नाही. २०२० ची पूर्व, मुख्य, मुलाखत असं सगळं झालं आणि एप्रिल २०२२ च्या शेवटी लागलेल्या यादीत नाव नव्हतं. त्या यादीत दोनशे जागा होत्या. पुढच्याच आठवड्यात २०२१ ची मुख्य होती. ती मी कशी दिली ते मला आठवत नाही, आणि निकालानंही तेच सांगितलं.

जानेवारी-फेब्रुवारी २०२३ मध्ये पुण्यात पुन्हा आंदोलन झालं. नवा वर्णनात्मक पॅटर्न २०२५ पासून लागू करा, ही मागणी होती. मी त्यात बसले होते. मागणी मान्य झाली तेव्हा माझ्या दोन्ही बाजूंच्या मुली एकमेकींच्या गळ्यात पडल्या, आणि मी मनात वजाबाकी करत होते. २०२५ म्हणजे मी एकतीस वर्षांची. त्या रात्री खोलीवर येऊन पहिल्यांदा बायोडेटा लिहायला घेतला.

शिक्षणाचा भाग दहा मिनिटांत झाला. त्याखाली ‘अनुभव’ असा शब्द टाइप केला आणि कर्सर लुकलुकत राहिला.

रूममेट बीडची होती. तिच्या ओळखीचा एक मुलगा आधी अभ्यासिकेतलाच होता, पुढे आयटीत लागला होता. त्यानं फोनवर सांगितलं, ‘ताई, एमपीएससी लिहूच नका. स्वतःची ॲग्री कन्सल्टन्सी होती म्हणून लिहा. सहा वर्षांचा अनुभव होतो.’ मी तसा बायोडेटा केलाही. दिसायला छान होता. पण आमच्याच अभ्यासिकेतल्या एकाचं काय झालं ते मला माहीत होतं. त्यानं पैसे देऊन एका न चालणाऱ्या कंपनीचं अनुभवपत्र घेतलं होतं. मुलाखत निघाली, ऑफर लेटर आलं, आणि मग पडताळणी सुरू झाली. कंपन्या हे काम बाहेरच्या एजन्सीला देतात. एजन्सी आधीच्या कंपनीला मेल करते, पत्त्यावर माणूस पाठवते, आणि मुख्य म्हणजे पीएफचा यूएएन नंबर मागते. त्या नंबरावर कुठल्या कंपनीत कोणत्या तारखेला लागलात आणि कधी सोडलंत हे सगळं नोंदलेलं असतं. चार वर्षं नोकरी केली म्हणणाऱ्याचा यूएएनच नसेल, तर पुढे विचारायला काही उरत नाही. त्याची ऑफर रद्द झाली. आणि एखाद्याचं तेव्हा निभावलं तरी ऑफर लेटरमध्ये एक कलम असतंच, की दिलेली माहिती केव्हाही खोटी निघाली तर कामावरून काढता येईल. म्हणजे मिळालेल्या खुर्चीत रोज तेच भय घेऊन बसायचं.

कन्सल्टन्सीवाली फाइल मी खोडली. त्यात निव्वळ शहाणपण होतं असं मी म्हणणार नाही. मला रागही आला होता. पहाटे पाचला उठून काढलेली सात वर्षं, आईनं भिशीतून पाठवलेले पैसे, अण्णांनी दोनदा पुढे ढकललेली विहीर, आणि हे सगळं पुसून तिथे एक खोटी पाटी लावायची. ते मला जमणारं नव्हतं.

दुसऱ्या प्रयत्नात मी उलट टोकाला गेले. कुठल्याशा सल्ल्याप्रमाणे त्या सात वर्षांचे गुण करून लिहिले. वेळेचं नियोजन, चिकाटी, ताण सहन करण्याची क्षमता, विश्लेषणशक्ती. पंचवीसेक ठिकाणी तो बायोडेटा पाठवला, जिन्यातला तो फोन सोडला तर एकही आला नाही. आता टेबलाच्या या बाजूनं असे बायोडेटा पाहते तेव्हा कळतं की ते वाचताना हाताला काहीच लागत नाही. चिकाटी तर प्रत्येकानंच लिहिलेली असते. वाचणाऱ्याला दिसतं एवढंच की मधली वर्षं कुठल्यातरी शब्दांखाली झाकली आहेत, आणि झाकलेल्या गोष्टीबद्दल माणूस नेहमी जास्त वाईट कल्पना करतो. आजारपण होतं का, काही पोलीस प्रकरण होतं का, कुठून काढून टाकलं होतं का. एमपीएससी यातल्या कशापेक्षाही साधी गोष्ट आहे. महाराष्ट्रात ती सगळ्यांना कळते. मुलाखत घेणाऱ्याचा भाऊ किंवा मेहुणी कुणीतरी त्याच पेठेत राहून गेलेलं असतं.

मग मी ती ओळ नोंदीसारखी लिहिली. शिक्षणाच्या खाली, जिथे काळाच्या क्रमानं यायला हवी तिथेच:

‘जुलै २०१६ ते आजपर्यंत: महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या परीक्षांची पूर्णवेळ तयारी, पुणे. राज्यसेवा २०१९: मुख्य परीक्षा. राज्यसेवा २०२०: मुलाखत. राज्यसेवा २०२१: मुख्य परीक्षा. प्रवेशपत्रं व गुणपत्रकं उपलब्ध.’

एवढंच. विशेषण एकही नाही. पुढचे तीन महिने मी फोनवरही हेच बोलले, वीस सेकंदांत, आणि मग गप्प बसले. गप्प बसणं सगळ्यात अवघड होतं. पण त्या ओळीनं फोन यायला लागले.

इथे एक गोष्ट सांगून टाकते. यूपीएससी करणाऱ्यांसाठी थोडी सोय झाली आहे. मुलाखतीपर्यंत पोचून निवड न झालेल्यांची माहिती, त्यांची संमती असेल तर, आयोग कंपन्यांना पाहायला देतो. आता त्याला ‘प्रतिभा सेतू’ म्हणतात. पण ती मुलाखतीपर्यंत गेलेल्यांचीच यादी आहे. पूर्व परीक्षेतच अडकलेला मुलगा, म्हणजे आमच्यातले बहुतेक सगळे, त्या यादीत कधीच येत नाही. त्याला आपली ओळ स्वतःच लिहावी लागते. मोठ्या आयटी कंपन्यांच्या फ्रेशर भरतीतही त्याला जागा नसते, कारण तिथे पास होण्याचं वर्ष ठरलेलं असतं आणि शिक्षणातला किंवा नंतरचा गॅप अमुक वर्षांपेक्षा जास्त नको अशी अट असते. फॉर्म तिथेच थांबतो, माणसापर्यंत जातच नाही. मला जे फोन आले ते मध्यम आणि लहान कंपन्यांचे होते, आणि त्यातले निम्मे ओळखीतून आलेले.

मे महिन्याच्या अखेरीस हडपसरच्या बाजूला एका खत कंपनीत मुलाखत होती. समोर पन्नाशीचे गृहस्थ होते, मूळचे मराठवाड्यातले. मातीच्या नमुन्याबद्दल विचारलं, सोयाबीनवरच्या खोडमाशीबद्दल विचारलं, मला बऱ्यापैकी सांगता आलं. मग त्यांनी पेन खाली ठेवलं.

‘परीक्षा आता बंद?’

‘हो सर.’

‘पूर्ण?’

‘पूर्ण.’

‘मुलाखतीपर्यंत गेला होतात म्हणताय, त्याचं काही पत्र वगैरे?’

मी फाइल त्यांच्या हातात दिली. प्लास्टिकच्या पारदर्शक पाकिटांची फाइल होती, सात वर्षांची सगळी प्रवेशपत्रं त्यात होती. पहिल्याच पाकिटात वरचा कागद नवा कोरा होता. राज्यसेवा पूर्व परीक्षा २०२३, दिनांक ४ जून. आदल्या संध्याकाळीच शास्त्री रोडवर प्रिंट काढून मी तो सवयीनं तिथे सरकवला होता. त्यांनी तारीख वाचली. पुढची पाकिटं उलटलीच नाहीत. फाइल बंद करून दोन्ही हातांनी माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, ‘शुभेच्छा मॅडम.’ त्यांनी ते मनापासून म्हटलं होतं, म्हणून जास्त लागलं.

बसमध्ये मी ओळखायचा प्रयत्न करत होते की मी त्यांना खोटं का सांगितलं. खरं म्हणजे मी ते खोटं म्हणून सांगितलंच नव्हतं. ‘परीक्षा बंद’ असं बोलताना मला ते खरंच वाटत होतं, आणि प्रवेशपत्राची प्रिंट काढतानाही मी तितकीच खरी होते. दोन्ही गोष्टी माझ्यात शेजारी शेजारी राहत होत्या आणि त्यांची एकमेकींशी गाठच पडलेली नव्हती. ती त्यांच्या टेबलावर पडली.

यूपीएससीत खुल्या गटाला सहा संधी आणि बत्तीस वर्षं अशी सीमा आहे. कधीतरी दार बाहेरून लागतं. आमच्याकडे आयोगानं संधींची मर्यादा आणली होती, ती पुढे मागे घेतली. वयाची अट खुल्या गटाला अडतीस. मी एकोणतीस वर्षांची होते. म्हणजे नियमानं अजून नऊ वर्षं माझ्यापुढे उघडी होती, आणि कुणीही मला थांबवणार नव्हतं. शिवाय राज्यसेवा नाही तर कंबाइन, कंबाइन नाही तर सरळसेवा. त्याच जूनमध्ये तलाठी भरतीची जाहिरात आली, साडेचार हजारांहून जास्त जागांची. अभ्यासिकेत त्या दिवशी पेढे वाटल्यासारखं वातावरण होतं. असं दर दोन महिन्यांनी काहीतरी निघतं, आणि ‘हे शेवटचं’ म्हणायला प्रत्येक वेळी नवं कारण मिळतं.

समोरचा माणूस ‘एवढी वर्षं काय केलंत’ असं विचारतो तेव्हा त्याला मागचं फारसं जाणून घ्यायचं नसतं. त्याला पुढच्या आठ महिन्यांची काळजी असते. आमच्या क्षेत्रात नव्या माणसाला तीन महिने कुणाच्या तरी गाडीवर मागे बसवून फिरवतात, तालुके दाखवतात, लोकांशी ओळखी करून देतात. चौथ्या महिन्यापासून तो कामाचा होतो. तो सहाव्या महिन्यात अभ्यासाच्या रजेवर जाऊन परत आलाच नाही, तर हंगाम हातचा जातो. हा साधा हिशोब आहे. त्यात माझा अपमान नव्हता. तो मला दिसायला हडपसरची ती फाइल लागली.

४ जूनची परीक्षा मी दिली. ती न देणं मला खोटं वाटलं असतं. सात वर्षांच्या सवयीनं हात चालला, बाहेर पडल्यावर नेहमीप्रमाणे कुणाशी उत्तरं ताडली नाहीत. घरी अण्णांना फोन करून सांगितलं, की पेपर झाला, आणि आता पुढचा फॉर्म नाही. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘बाई, तुझं तू ठरवलंस ना? मग झालं.’ दुसऱ्या दिवशी बायोडेटातलं ‘आजपर्यंत’ काढून तिथे ‘जून २०२३’ घातलं. तलाठीचा फॉर्म भरला नाही. त्या ओळीला शेवटची तारीख मिळाली आणि ती ओळ पहिल्यांदा पूर्ण झाली.

जुलैत शिवाजीनगरला एका संस्थेत मुलाखत झाली. विमा कंपन्यांसाठी पीक नुकसानीची पाहणी आणि कागदपत्रं बघण्याचं काम होतं. मॅनेजर माझ्याहून तीन-चार वर्षांनीच मोठे असतील. त्यांनी ओळ वाचली आणि सरळ विचारलं, ‘जूनमध्ये संपलं, म्हणजे चार जूनची दिलीत?’

‘हो सर, दिली.’

‘निकाल?’

‘लागायचाय. पास होईन असं वाटतंय. पण मुख्य परीक्षेचा अर्ज भरणार नाही.’

‘आत्ता असं म्हणताय.’

‘आत्ता एवढंच म्हणू शकते, सर. निकाल लागेल त्या दिवशी तुम्हाला स्वतःहून सांगेन.’

ते जरा हसले. म्हणाले, मागच्या वर्षी त्यांची दोन मुलं गेली, एक पोलीस भरतीत लागला आणि एक परत अभ्यासाला बसला. दुसऱ्याचं त्यांना जास्त वाईट वाटलं होतं, कारण त्यानं आजारी आहे म्हणून सांगितलं होतं. मग विचारलं, ‘आमची टीम लीड चोवीस वर्षांची आहे. तिनं तुमच्या चुका काढलेल्या चालतील?’

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं आणि त्याचं उत्तर मी पाठ केलेलं होतं. पण मी ते म्हटलं नाही. म्हटलं, पहिले काही दिवस जड जाईल. अभ्यासिकेत मी सगळ्यांची ताई होते, लहान मुली माझ्याकडून पेपर तपासून घ्यायच्या. पण तिला हे काम येतं आणि मला येत नाही, हे मला दिसतंय.

मग त्यांनी सहज विचारलं, कोरोनात कुठे होतात. मी म्हटलं गावी होते. अभ्यास नीट झाला नाही, ऑक्टोबर २०२० मध्ये तर पंधरा दिवस पुस्तक उघडलंच नाही.

‘का?’

ऑक्टोबरच्या मध्याला आमच्याकडे सोलापूर, पंढरपूर, बार्शी भागात अतिवृष्टी झाली होती. काढून ठेवलेलं सोयाबीन शेतातच भिजलं, गंजीला कोंब फुटले. पीक विम्यात तेव्हा नुकसान झाल्यापासून बहात्तर तासांच्या आत कळवावं लागायचं, ॲपवर किंवा फोनवर. टोल फ्री नंबर लागत नव्हता. ॲपमध्ये पावतीचा क्रमांक, गट नंबर, पिकाची अवस्था असं सगळं भरायचं, फोटो टाकायचा, आणि गावात रेंज फक्त देवळाच्या मागच्या टेकाडावर. मी तिथे बसून गल्लीतल्या आणि वस्तीवरच्या लोकांच्या सूचना भरत होते. वहीत नावं लिहून ठेवली होती, सदुसष्ट झाली. काहींच्या पावतीवर एक गट होता आणि नुकसान दुसऱ्या गटात झालं होतं, ते अडकले. काहींनी मका लावला होता आणि विमा सोयाबीनचा काढला होता. काढणीनंतरचं नुकसान आणि उभ्या पिकाचं नुकसान यातला फरक लोकांना माहीत नव्हता, चुकीचा पर्याय निवडला की पाहणीलाच कुणी येत नव्हतं.

मी बोलत गेले आणि त्यांनी वही पुढे ओढून लिहायला घेतलं. ‘हे बायोडेटात का नाही?’ त्यांनी विचारलं.

याचं खरं उत्तर असं होतं, की ते पंधरा दिवस माझ्या लेखी वाया गेलेले दिवस होते. माझ्या अभ्यासाच्या डायरीत त्या पानांवर लाल रेघ मारलेली आहे. सात वर्षं मी प्रत्येक दिवस अभ्यासाच्या तासांत मोजला, आणि ज्या दिवशी तास भरले नाहीत त्या दिवशी मी काही केलं असं मला वाटलंच नाही. टेस्ट सिरीजसाठी प्रश्न काढून दिले, कृषी विषयाच्या उत्तरपत्रिका तपासल्या, त्याचे थोडेफार पैसेही आले, पण रोख, कागद नाही. तेही कधी कुठे लिहिलं नव्हतं. अशा कामाला नोकरी म्हणू नये, पडताळणीत ते टिकत नाही. त्या एकाच नोंदीखाली, ‘याच काळात’ असं म्हणून, कुणासाठी केलं आणि किती केलं एवढं लिहावं. हे मला त्या दिवशी त्यांनीच सांगितलं.

पगार फ्रेशरचा मिळाला. हातात अठरा हजार. मुलाखतीपर्यंत गेलेल्या माणसाला थोडा जास्त द्या असं म्हणायची इच्छा झाली होती, पण कशाच्या आधारावर म्हणणार. कंपनीसाठी मी शून्य वर्षांची होते आणि वयानं एकोणतीस. माझ्याबरोबर राहुरीहून थेट नोकरीला लागलेली मैत्रीण तेव्हा एरिया मॅनेजर होती. ते अंतर खरं आहे, आणि कितीही चांगली ओळ लिहिली तरी ते भरून निघत नाही. मी तो आकडा स्वीकारला तेव्हा खोलीवर येऊन रडले, हेही लिहून ठेवते.

मग पडताळणीचा फॉर्म आला. दहावी, बारावी, पदवी, आधार, पॅन. यूएएनच्या जागी ‘लागू नाही’. नात्यातली नसलेली दोन माणसं, जी तुम्हाला कामातून ओळखतात. ज्याला कधी साहेबच नव्हता त्यानं कुणाचं नाव द्यायचं? मी कॉलेजच्या एका प्राध्यापकांचं दिलं आणि दुसरं अभ्यासिकेच्या काकांचं. एजन्सीनं काकांना खरंच फोन केला. त्यांनी मला नंतर सांगितलं, की त्या माणसाला लाइनवर थांबवून त्यांनी जुनी रजिस्टरं काढली आणि सीट नंबर ४१ च्या फीच्या नोंदी वर्षवार वाचून दाखवल्या. कोरोनातले बंद महिने धरून.

आणि गॅपचं प्रतिज्ञापत्र. शंभराच्या स्टॅम्प पेपरवर, नोटरी करून. कोर्टाबाहेरच्या टायपिस्टनं विचारलं, कारण काय घालू? मी म्हटलं, स्पर्धा परीक्षा. त्याच्याकडे मजकूर तयारच होता, नुसती नावं आणि तारखा बदलायच्या होत्या. ‘सदर कालावधीत मी कोणत्याही आस्थापनेत नोकरीस नव्हते, स्पर्धा परीक्षांची तयारी करीत होते, वरील माहिती खरी आहे.’ चार ओळी. नोटरीनं सही कुठे करायची ते दाखवलं आणि शिक्का मारून कागद पुढच्या माणसाकडे सरकवायच्या आत माझ्या हातात दिला. मी तो तिथेच उभी राहून दोनदा वाचला. त्यात काही चुकीचं नव्हतं.

१६ ऑगस्टला जॉइन झाले. महिना होत आला तेव्हा निकाल लागला आणि त्यात माझा नंबर होता.

मी मॅनेजरच्या टेबलापाशी गेले. ‘सर, प्री निघाली.’

त्यांनी मान वर केली. ‘मग?’

‘सांगेन म्हटलं होतं, म्हणून सांगितलं.’

ते एवढंच म्हणाले, ‘बरं,’ आणि लातूरच्या राहिलेल्या केसेस कुणाकडे आहेत ते विचारलं. त्या माझ्याकडेच होत्या.

मुख्य परीक्षेचा अर्ज वेगळा भरावा लागतो, त्याची मुदत शेवटच्या दिवशी रात्री ११.५९ ला संपते. त्या दिवशी लातूरचे फोटो गटनिहाय लावायला मला उशीर झाला. खोलीवर पोचले तेव्हा साडेदहा झाले होते. रूममेट तिचा अर्ज भरत होती, फोटो अपलोड होत नव्हता, साइज जास्त आहे म्हणत होता. मी तिचा फोटो कमी करून दिला. मग शुल्काचं पान फिरत राहिलं, दोनदा अडकलं, तिसऱ्यांदा पावती आली. तिनं ती पीडीएफ जतन केली आणि लॅपटॉप माझ्याकडे वळवून म्हणाली, ‘ताई, अजून वीस मिनिटं आहेत.’

मी म्हटलं, ‘माझी फाइल कपाटात वर आहे, तुला लागली तर जुनी प्रवेशपत्रं बघायला घे,’ आणि दिवा घालवला.